सुरुवातीच्या तोट्याचा टॅक्स फायदा कॅश फ्लोमध्ये नेमका कुठल्या वर्षी धरायचा

प्रश्न: नाशिकजवळ फ्रोझन भाज्यांचं युनिट टाकतोय, नवीन प्रायव्हेट लिमिटेड, मशिनरी साधारण 4 कोटी. प्रोजेक्शनमध्ये पहिली तीन वर्षं लॉस दिसतोय. एनपीव्ही काढताना लॉसच्या वर्षी टॅक्स शून्य धरायचा की टॅक्सची बचत म्हणून प्लस धरायची? सीए म्हणतात लॉस कॅरी फॉरवर्ड होतो, पण तो कॅश फ्लोमध्ये कुठे आणि किती दाखवायचा ते कळत नाहीये.

उत्तर:

नवीन कंपनी आहे आणि तिला दुसरं काही उत्पन्न नाही, तर लॉसच्या वर्षी टॅक्स शून्य. प्लसमध्ये काहीही धरायचं नाही, कारण सरकार तुमच्या लॉसचा चेक पाठवत नाही. फायदा मिळतो तो पुढे ज्या वर्षी प्रॉफिट होईल आणि जुना लॉस त्यातून वजा होईल त्या वर्षी, तोही "टॅक्स कमी भरावा लागला" या रूपात. म्हणजे वेगळी आवक म्हणून लाइन टाकायची नाही, त्या वर्षीची टॅक्सची लाइनच छोटी होते. उत्तर एवढंच, पण ते शीटमध्ये बसवताना लोक जिथे फसतात ते जरा सविस्तर सांगतो, कारण मी दरवर्षी असे पाचसहा प्रोजेक्ट रिपोर्ट बघतो आणि त्यातल्या निम्म्यांत तरी हीच लाइन चुकलेली असते.

आधी एक गोष्ट स्वतःला विचारा, हा लॉस कोणाच्या पॅनवर पडणार आहे? तुम्ही जे पुस्तकातलं किंवा नेटवरचं उदाहरण बघितलं असेल, ज्यात लॉसच्या वर्षी निगेटिव्ह टॅक्स दाखवतात, ते खोटं नसतं, पण ते चालू फायद्यातल्या कंपनीच्या नव्या प्रोजेक्टचं असतं. समजा तुमच्या घरची जुनी कंपनी दरवर्षी 2 कोटी कमावतेय आणि तिनेच हे युनिट टाकलं, तर युनिटचा लॉस त्याच वर्षी जुन्या प्रॉफिटमधून वजा होतो, त्या वर्षीचा ॲडव्हान्स टॅक्स खरोखर कमी भरला जातो, म्हणून तिथे प्लस धरणं बरोबर. प्रोप्रायटर म्हणून केलं आणि त्याच माणसाचा दुसरा धंदा किंवा भाड्याचं उत्पन्न असेल तरी तसंच (फक्त पगारातून धंद्याचा लॉस वजा होत नाही, हे नोकरी सांभाळून धंदा काढणाऱ्यांनी लक्षात ठेवा). नवीन कंपनी म्हणजे नवीन पॅन, आणि तिच्या लॉसला त्या वर्षी खायला काहीच नसतं, तो थांबून राहतो.

आता आकडे घेऊ. तुम्ही पूर्ण प्रोजेक्शन दिलेलं नाही म्हणून मी माझे धरतो, तुम्ही तुमचे टाका. सगळं लाखात. मशिनरी 400, इन्कम टॅक्सच्या घसाऱ्याचा रेट 15 टक्के, रिड्युसिंग पद्धतीने, आणि पहिल्याच वर्षी मशीन 180 दिवसांपेक्षा जास्त चाललं असं धरतो (कमी चाललं तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, हंगामी मालाच्या युनिटमध्ये हे नेहमी होतं). घसारा येतो पहिल्या वर्षापासून 60, 51, 43, 37, 31, 27, 23. घसारा वजा करण्याआधीचा ऑपरेटिंग प्रॉफिट धरतो पहिल्या वर्षी उणे 70, दुसऱ्या वर्षी उणे 30, मग अधिक 20, 90, 150, 190 आणि सातव्या वर्षी 220. कंपनीने इन्कम टॅक्सच्या कलम 115बीएए मधला कमी रेटचा पर्याय घेतलाय, म्हणजे 22 टक्के, त्यावर सरचार्ज आणि सेस धरून 25.168 टक्के. कर्ज सध्या बाजूला ठेवतो, व्याजाचं नंतर बोलू.

पहिल्या वर्षी धंद्यातच 70 गेले आणि घसारा 60 चा वापरायला प्रॉफिटच नाही. इथे लोक 130 चा एकच लॉस लिहितात, आणि पहिली गडबड इथेच होते. इन्कम टॅक्समध्ये ही दोन वेगळी खाती आहेत, 70 हा बिझनेस लॉस आणि 60 हा न वापरलेला घसारा, ज्याला आपण अनअ‍ॅब्सॉर्ब्ड डेप्रिसिएशन म्हणतो. दोघांचे नियम वेगळे आहेत त्यामुळे दोन डबे वेगळे ठेवा. दुसऱ्या वर्षाअखेर लॉसच्या डब्यात 100 आणि घसाऱ्याच्या डब्यात 111. तिसऱ्या वर्षी ऑपरेटिंग प्रॉफिट 20 आहे, त्यातून आधी त्याच वर्षीचा घसारा वजा होतो, 43 पैकी 20 खपला, उरलेले 23 घसाऱ्याच्या डब्यात जाऊन तो 134 झाला. लॉसचा डबा हलला नाही.

चौथ्या वर्षी 90 मधून चालू घसारा 37 गेला, उरले 53, आणि ते सगळे जुन्या बिझनेस लॉसने खाल्ले. टॅक्स शून्य, लॉस उरला 47. पाचव्या वर्षी 150 वजा 31 म्हणजे 119, त्यात आधी 47 चा लॉस संपवला, मग घसाऱ्याच्या डब्यातले 72, टॅक्स परत शून्य. सहाव्या वर्षी 190 वजा 27 म्हणजे 163, त्यातून घसाऱ्याचे शेवटचे 62 गेले आणि 101 वर पहिल्यांदा टॅक्स भरला, साधारण 25.4 लाख. सातव्या वर्षापासून नेहमीसारखं, 197 वर 49.6.

क्रम लक्षात आला असेल, आधी चालू वर्षाचा घसारा, मग जुना बिझनेस लॉस, मग जुना घसारा. हा क्रम कायद्यातच आहे आणि तो तुमच्या फायद्याचा आहे, कारण बिझनेस लॉसला आठ वर्षांची मुदत असते आणि घसाऱ्याला मुदतच नसते, म्हणून मुदतवाला आधी संपतो. तुमच्या पहिल्या वर्षाचा लॉस नवव्या वर्षाच्या प्रॉफिटपर्यंत चालेल, त्यानंतर उरला तर गेला. आपल्या आकड्यांत तो पाचव्या वर्षीच संपतोय त्यामुळे अडचण नाही, पण ज्यांना प्रॉफिटला यायलाच सातआठ वर्षं लागतात त्यांनी प्रत्येक वर्षाचा लॉस वेगळ्या ओळीत ठेवून मुदत बघावी.

आता याची किंमत बघा. एकूण 234 लाखांचा लॉस आणि घसारा पुढे गेला, 25.168 टक्क्यांनी त्याचा टॅक्स होतो जवळपास 59 लाख. चौथ्या वर्षी 13.3, पाचव्या वर्षी 30, सहाव्या वर्षी 15.6 असा तो वाचला. 16 टक्के डिस्काउंट रेटने आजची किंमत काढली तर येते साधारण 28 लाख. हाच लॉस फायद्यातल्या जुन्या कंपनीत पडला असता आणि पहिल्या तीन वर्षांतच वापरला गेला असता तर आजची किंमत 47 लाख झाली असती (त्या कंपनीचा रेटही हाच धरला आहे). म्हणजे रुपये तेवढेच, 59, पण थांबावं लागल्यामुळे 19 लाख कमी. आणि कोणी कॅरी फॉरवर्ड विसरून चौथ्या वर्षापासून पूर्ण टॅक्स लावला तर तो 28 लाख फुकट घालवतोय. ही चूक पण बघितलीय, विशेषतः जिथे शीट बँकेच्या जुन्या फॉरमॅटवरून उचललेली असते.

पण माझ्या मते एनपीव्हीमधल्या 19 लाखांपेक्षा मोठा धोका दुसरा आहे आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. निगेटिव्ह टॅक्स धरलात की पहिल्या वर्षीचा कॅश फ्लो उणे 70 ऐवजी उणे 37 दिसतो, कारण 32.7 लाखांची न येणारी टॅक्स बचत त्यात मिळवलेली असते. दुसऱ्या वर्षी 20.4 ची, त्यामुळे उणे 30 ऐवजी उणे 10. म्हणजे दोन वर्षांत तुम्हाला खिशातून 100 लाख घालायचे आहेत आणि शीट सांगते 47 पुरतील. त्या हिशोबाने भांडवल उभं केलं, तर दुसऱ्या वर्षी शेतकऱ्यांचं पेमेंट आणि कोल्ड स्टोरेजचं लाइट बिल एकदम अंगावर येतं आणि त्या वेळी कोणी पटकन पैसे देत नाही. मटारचा सीझन दोनअडीच महिन्यांचा, त्या काळात खरेदीला पैसे नसतील तर पूर्ण वर्ष जातं. एका ओळखीच्या युनिटचं मी हे होताना बघितलंय, प्लँट चांगला, माल चांगला, फक्त सुरुवातीचे पैसे कमी मोजले होते. म्हणून तुमची शीट झाली की पहिली तीन वर्षं टॅक्सच्या रांगेत शून्यापेक्षा वेगळा आकडा दिसतोय का ते सगळ्यात आधी बघा.

एक्सेलमध्ये हे बसवायला फार काही लागत नाही. रांग 5 मध्ये घसाऱ्याआधीचा प्रॉफिट, रांग 6 मध्ये इन्कम टॅक्सचा घसारा, रांग 12 लॉसचा डबा, रांग 13 घसाऱ्याचा डबा. कॉलम C पहिलं वर्ष, B मध्ये सुरुवातीचे शून्य टाका, मग हे फॉर्म्युले C मध्ये लिहून उजवीकडे ओढा:

```
C8:  =MAX(0,MIN(C5,C6))
C9:  =MIN(B12,MAX(0,C5-C8))
C10: =MIN(B13,MAX(0,C5-C8)-C9)
C11: =MAX(0,C5-C8)-C9-C10
C12: =B12-C9+MAX(0,-C5)
C13: =B13-C10+C6-C8
C14: =C11*25.168%
```

आठव्या रांगेत चालू घसाऱ्यातला किती खपला, नवव्यात जुना लॉस किती वापरला, दहाव्यात जुना घसारा, अकराव्यात टॅक्स लागणारं उत्पन्न, चौदाव्यात टॅक्स. कॅश फ्लो म्हणजे रांग 5 वजा रांग 14, आणि मग वर्किंग कॅपिटल आणि भांडवली खर्च. आठ वर्षांची मुदत यात तपासलेली नाही, ती हाताने बघा. एक तपासणी करून घ्या, रांग 9 आणि 10 ची सगळ्या वर्षांची बेरीज अधिक शेवटी डब्यांत उरलेलं, हे सुरुवातीला डब्यांत टाकलेल्या एकूण रकमेइतकं यायलाच पाहिजे, आपल्या उदाहरणात 234. नाही आलं तर लॉस कुठेतरी दोनदा वापरला जातोय. आणि घसारा इन्कम टॅक्सचाच घ्या, बॅलन्स शीटमधला कंपनी कायद्याचा नको, दोघांचे आकडे वेगळे असतात आणि टॅक्स पहिल्यावर ठरतो.

आता कागदावरचा हा फायदा प्रत्यक्षात कधी हातातून निसटतो ते सांगतो, कारण शीट बरोबर असूनही पैसे येत नाहीत असं होतं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे लॉसच्या वर्षीचं रिटर्न उशिरा भरणं. प्रॉफिट नाही, टॅक्स नाही, मग घाई कसली असं वाटतं आणि नेमकं तिथेच नुकसान होतं, कारण बिझनेस लॉस पुढे न्यायचा असेल तर रिटर्न ड्यू डेटच्या आत गेलं पाहिजे, कंपनीला साधारण 31 ऑक्टोबर. माझ्या एका क्लायंटचं पहिल्या वर्षीचं रिटर्न अकरा दिवस उशिरा गेलं, त्यांच्या तेव्हाच्या ऑफिसमध्ये ऑडिट रेंगाळलं होतं, आणि 40 लाखांच्या आसपासचा लॉस पुढे नेता आला नाही. उशीर माफ करून घ्यायला खात्याकडे अर्ज करता येतो, पण खरं कारण पुराव्यासकट दाखवावं लागतं आणि वेळ जातो, त्यावर प्रोजेक्शन बांधता येत नाही. घसाऱ्याच्या डब्याला मात्र हा नियम लागत नाही, त्यांचा घसारा वाचला. दोन डबे वेगळे ठेवा म्हणतो ते यासाठीच.

दुसरं कारण स्टार्ट-अपवाल्यांना जास्त लागतं, ते म्हणजे शेअरहोल्डिंग बदलणं. प्रायव्हेट लिमिटेडला कलम 79 आहे. लॉस झाला त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी ज्यांच्याकडे शेअर होते त्यांच्याकडेच, लॉस वापरायच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीही किमान 51 टक्के व्होटिंग पॉवर राहिली पाहिजे, नाहीतर जुना बिझनेस लॉस वापरता येत नाही. समजा चौथ्या वर्षी मोठा इन्व्हेस्टर आला, त्याने 60 टक्के घेतले आणि तुम्ही 40 वर आलात. तर लॉसच्या डब्यातले 100 गेले. घसाऱ्याचे 134 राहतात, कारण या कलमात ते धरत नाहीत. मग चौथ्या वर्षी घसाऱ्यातून 53 वापरले, पाचव्या वर्षी उरलेले 81, आणि पाचव्या वर्षीच 38 वर टॅक्स सुरू. आजच्या किमतीत 28 लाखांचे 17 झाले. हे 11 लाख इन्व्हेस्टरशी व्हॅल्युएशन बोलताना टेबलावर यायला हवेत, आणि तेव्हा जर त्यांनी जुन्या लॉसची किंमत धरून भाव लावला असेल तर त्यांनाही हे सांगा, लपवू नका, ड्यू डिलिजन्समध्ये निघतंच.

याला एक सवलत आहे. कलम 80-आयएसी मधली पात्र स्टार्ट-अप असेल तर 51 टक्क्यांची अट पाळली नाही तरी चालतं, लॉसच्या वर्षी जे शेअरहोल्डर होते त्या सगळ्यांनी आपले तेच शेअर ठेवले असतील तर. म्हणजे नवीन शेअर काढून तुमचा टक्का कमी झाला तरी हरकत नाही, पण जुन्यांपैकी एक जरी विकून बाहेर पडला तरी ही सवलत जाते. लॉस स्थापनेपासून पहिल्या 10 वर्षांतला असावा लागतो. फक्त डीपीआयआयटीची नोंदणी असून हे मिळत नाही, 80-आयएसी चं वेगळं सर्टिफिकेट लागतं, आणि ते इनोव्हेशन किंवा मोठ्या प्रमाणावर वाढणाऱ्या बिझनेस मॉडेलसाठी आहे, साध्या प्रोसेसिंग युनिटला मिळेल असं धरून चालू नका.

तिसरी गोष्ट मशीन चालू होण्याआधीच्या खर्चाची. जमीन घेतल्यापासून ट्रायल रनपर्यंत जे पगार, प्रवास, भाडं जातं ते सगळं लॉसच्या डब्यात पडत नाही. धंदा "सेट-अप" झाला त्या दिवसापासूनचाच खर्च महसुली म्हणून चालतो, आधीचा काही मशिनरीच्या किमतीत जातो, काही प्राथमिक खर्च म्हणून पाच वर्षांत वाटून मिळतो मर्यादेत, आणि काही कशातच बसत नाही. सेट-अप म्हणजे विक्री सुरू होणं नव्हे, धंदा सुरू करायला तयार असणं, हा फरक मुंबई हायकोर्टाने वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या केसमध्ये 1954 मध्ये केला आणि आजही तोच धरतात. त्यामुळे प्लँट तयार झाल्याची तारीख दाखवणारे कागद, लाइट कनेक्शन, फूड लायसन्स, ट्रायल बॅचची नोंद, पहिल्या कच्च्या मालाचं बिल, जपून ठेवा. तयार झाल्यापासून पहिली विक्री होईपर्यंतच्या दोनतीन महिन्यांचा खर्च लॉसमध्ये धरता येतो का, हे त्या कागदांवर ठरतं.

आता व्याज. तुम्ही बँकेचं कर्ज घेणारच, आणि बरेच जण डब्ल्यूएसीसी, म्हणजे कर्ज आणि मालकाचं भांडवल यांचा मिळून सरासरी रेट, काढताना कर्जाचा रेट टॅक्सनंतरचा घेतात, 11 टक्क्यांचं कर्ज म्हणून 8.2 वगैरे. त्यात असं गृहीत आहे की व्याजावरची टॅक्स बचत त्याच वर्षी मिळतेय. तुमच्याकडे पाचव्या वर्षापर्यंत टॅक्सच नाही, उलट व्याजामुळे लॉसचा डबा अजून भरतो आणि तो संपायला आणखी उशीर होतो. त्यामुळे पहिली पाच वर्षं तुमचं कर्ज पूर्ण 11 टक्क्यांनाच पडतं. अशा प्रोजेक्टला मी सरळ मार्ग घेतो, वरच्या रांग 5 मधून व्याज वजा करून खरा भरायचा टॅक्स काढायचा, मग व्याजाआधीच्या कॅश फ्लोमधून तो टॅक्स, मुद्दलाचे हप्ते आणि व्याज वजा करून मालकाच्या हातात काय उरतं ते बघायचं आणि ते मालकाच्या अपेक्षित रेटने डिस्काउंट करायचं. डब्ल्यूएसीसीच हवा असेल तर टॅक्स व्याज धरूनच काढा आणि कर्जाचा रेट टॅक्सआधीचा घ्या, म्हणजे बचत एकदाच, तीही खऱ्या वर्षी मोजली जाते.

डिस्काउंट रेट लॉसच्या फायद्याला कमी लावावा का, असंही विचारतात, सरकारकडूनच मिळणारी सूट आहे म्हणून. मी नाही लावत. सूट सरकार देतं, पण ती वापरायला प्रॉफिट तुम्हालाच करावा लागतो, म्हणजे तिची जोखीम प्रोजेक्टइतकीच. सगळं एक वर्ष उशिरा सरकलं, डबे तेवढेच राहिले असं धरलं तरी 28 चे 24 होतात, आणि उशीर होताना लॉस सहसा वाढतोही. म्हणून शीटमध्ये विक्री 20 टक्क्यांनी कमी आणि एक वर्ष उशीर, असे दोन सीन तरी चालवून बघा आणि प्रत्येक वेळी टॅक्सची रांग फॉर्म्युल्यानेच येऊ द्या, हाताने बदलू नका.

115बीएए चं एक राहिलं. तो पर्याय एकदा घेतला की परत फिरता येत नाही, त्यात जादा घसारा आणि 80-आयएसी मिळत नाही, पण मॅट, म्हणजे पुस्तकी नफ्यावरचा किमान टॅक्स, लागत नाही. जुन्या पद्धतीत राहिलात तर इन्कम टॅक्सच्या हिशोबात शून्य टॅक्स असतानाही पुस्तकी नफ्यावर मॅट भरावा लागू शकतो, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या चौथ्या, पाचव्या वर्षीचे शून्य तिथे शून्य राहतीलच असं नाही. तुमच्यासारख्या युनिटला मला 115बीएए सोयीचं वाटतं, पण सीएकडून दोन्ही बाजूंनी सात वर्षांचा टॅक्स काढून घ्या. आणि 1 एप्रिल 2026 पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा, 2025 चा, लागू आहे, त्यात कलमांचे नंबर बदलले आहेत, त्यामुळे मी वर दिलेले जुने नंबर त्यांना सांगून नव्यातले नंबर आणि त्या वर्षीचे रेट त्यांच्याकडूनच टाकून घ्या.